‘आमच्याकडे आधीच व्हेंडर आहे’ या उत्तरावर काय लिहायचं

कंपन्यांना माल किंवा सेवा विकायच्या कामात नवीन असलात, तर हे वाक्य तुम्हाला लवकरच पाठ होईल. मेलला उत्तर आलंच तर बहुतेकदा हेच येतं, आणि फोनवर तर आपलं बोलणं पुरं व्हायच्या आत येतं. ते ऐकून खट्टू व्हायचं कारण नाही. या वस्तूची त्यांना गरज आहे, त्यासाठी ते पैसे मोजतात आणि कोणीतरी कधीतरी याचा निर्णय घेतलाय, हे सगळं त्या एका वाक्यात फुकटात कळतं. ज्याला मुळात वस्तूच लागत नाही, त्याच्यापेक्षा हा ग्राहक कितीतरी जवळचा.

घोळ होतो तो पुढच्या उत्तरात. नवीन माणूस एक तर वाद घालतो, ‘पण आमचे रेट बघा तरी’ म्हणतो, नाही तर ‘ठीक आहे सर, कधी लागलं तर सांगा’ म्हणून निघून जातो. पहिल्यात दार बंद होतं. दुसऱ्यात दार उघडंच असतं, पण आपणच पाठ फिरवलेली असते. खाली जे सांगतोय त्याचा रोख एवढाच की त्यांच्या व्हेंडरला हटवायचा विचार डोक्यातून काढा आणि त्याच्या शेजारी एखादी छोटी जागा मिळते का ते शोधा. उदाहरण पॅकिंगच्या खोक्यांचं घेतो, कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं.

१. वाक्य कोणाकडून आलं आणि कसं आलं ते पाहा

शब्द तेच असले तरी त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे नुसती सवय. तुम्ही कंपनीचं नाव सांगून ‘आम्ही कोरुगेटेड बॉक्स’ एवढंच म्हणालात आणि समोरून लगेच ‘आमचा व्हेंडर आहे हो’ आलं, तर त्या माणसाने काही विचार केलेला नाही. दिवसभर असे फोन येतात, तो सगळ्यांना हेच सांगतो. त्यातून त्याच्या व्हेंडरबद्दल काहीही कळत नाही.

दुसरी म्हणजे खरी माहिती. ‘आमचं सहा वर्षांपासून एकाकडेच आहे, रेट मार्चमध्ये फिक्स होतात’ असं उत्तर आलं तर ते सोनं समजा. सहा वर्षं, एकच व्हेंडर, मार्च या तीनही गोष्टी लगेच लिहून ठेवा. ज्याला नुसतं टाळायचंय तो इतका तपशील देत नाही.

तिसरी म्हणजे चुकीचा माणूस. स्टोअरमधल्या किंवा रिसेप्शनवरच्या माणसाला व्हेंडर आहे एवढं माहीत असतं. तो पुरेसा आहे का, हे त्याला माहीत नसतं, आणि ते सांगणं त्याचं कामही नाही. इथे समजावत बसू नका. ‘पॅकिंग मटेरियलचं परचेस कोण बघतं?’ एवढं विचारून नाव घ्या आणि आभार माना.

ओळखायचं कसं? उत्तर किती लवकर आलं आणि त्यात तपशील किती होता, यावरून बराच अंदाज येतो. मेलमध्ये एका ओळीचं उत्तर असेल तर पहिला प्रकार धरून चाला. पुढचा प्रश्न नीट विचारला की खरं काय ते आपोआप बाहेर येतं.

२. पहिलं उत्तर लहान ठेवा, आणि त्यात काही विकू नका

आधी नेहमीचं फसलेलं उत्तर बघा :

“नमस्कार सर, आपल्याकडे व्हेंडर असल्याचे समजले. परंतु आमची क्वालिटी उत्तम असून रेट बाजारात सर्वांत कमी आहेत. सोबत आमचे कंपनी प्रोफाइल व कॅटलॉग जोडला आहे. एकदा भेटीची संधी द्यावी.”

यात खोटं काही नसेलही. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. बऱ्याचदा तो व्हेंडर त्यानेच निवडलेला असतो. वरिष्ठांपुढे त्यानेच त्याची बाजू मांडलेली असते, माल अडला तेव्हा रात्री फोनही त्यानेच केलेले असतात. ‘आमची क्वालिटी उत्तम, रेट सर्वांत कमी’ वाचून त्याला ऐकू येतं की तुम्ही आजवर महाग आणि सुमार माल घेत आलात. मग तो आपल्या निवडीची बाजू घेतो. म्हणजे तुमच्या मेलमुळेच तो जुन्या व्हेंडरच्या आणखी जवळ सरकला. शिवाय त्याचा सध्याचा रेट तुम्हाला माहीत नसताना ‘सर्वांत कमी’ म्हणणं पोकळ आहे, हे परचेसवाल्याला एका क्षणात कळतं.

आता हे बघा :

“नमस्कार सर,
लगेच कळवलंत, आभारी आहे. तुमचं काम व्यवस्थित चालू आहे, तेव्हा व्हेंडर बदला असं मी म्हणणार नाही.
एकच विचारतो. ज्या साइझ महिन्याला दोन-तीनशेच लागतात, त्या तुम्हाला तेवढ्याच मिळतात, की त्यांचीही हजाराची ऑर्डर द्यावी लागते? आमचं काम मुख्यतः अशा लहान लॉटचं आहे.
तेही नीट चालत असेल तर ‘चालतं’ एवढं लिहिलंत तरी पुरे. मग या विषयावर मी पुन्हा मेल करणार नाही.”

यात चार गोष्टी आहेत. त्याचं म्हणणं मान्य केलं, आणि ‘पण’ लावून ते लगेच परत घेतलं नाही. भीती काढून टाकली, की आपण त्याची व्यवस्था मोडायला आलेलो नाही. ज्याचं उत्तर त्याला फाइल न उघडता देता येईल असा एकच प्रश्न विचारला. आणि नकाराला सोपी वाट ठेवली. नवीन माणसं या शेवटच्या गोष्टीला बिचकतात, ‘नाही म्हणायची संधी कशाला द्यायची?’ असं त्यांना वाटतं. पण नकार सोपा केला की उत्तर येण्याची शक्यता वाढते, आणि उत्तर न येण्यापेक्षा स्पष्ट ‘चालतं’ कधीही बरं. तुमच्या यादीतलं एक नाव नीट खाली जातं. अर्थात शब्द दिला की तो पाळायचा. ‘पुन्हा मेल करणार नाही’ असं लिहून पंधरा दिवसांनी ‘सहज आठवण’ म्हणून मेल टाकणाऱ्याला लोक विसरत नाहीत.

मेलला काहीही जोडू नका. कॅटलॉग जोडला की प्रश्न बाजूला पडतो आणि मेल जाहिरात होऊन बसतो.

फोनवर हेच दोन वाक्यांत बसवा. ‘बरं झालं सर, व्हेंडर चांगला असेल तर बदलायचं कारणच नाही. एवढंच सांगा, लहान साइझसुद्धा तेच करून देतात का?’ पहिल्या वाक्यानंतर जरा थांबा. समोरचा तुमच्या वादाची वाट बघत असतो. तो आला नाही की त्याचा आवाज सैल पडतो, तेही तुम्हाला ऐकू येईल.

३. प्रश्न कुठून आणायचा

सगळा भार त्या एका प्रश्नावर आहे, म्हणून इथे जरा वेळ घालवा. ‘तुम्ही सध्याच्या व्हेंडरवर समाधानी आहात का?’ हा प्रश्न कायमचा बाद करा. अनोळखी माणसाला कोणीही ‘नाही हो, फार त्रास आहे’ असं सांगत नाही. उत्तर ‘हो’च येणार, आणि एकदा ‘हो’ म्हटलं की पुढे मागे फिरणं त्यालाच अवघड जातं.

चालणारा प्रश्न व्हेंडरच्या दर्जाबद्दल नसतो, व्हेंडरच्या रचनेबद्दल असतो. प्रत्येक पुरवठादाराला काही कामं परवडतात आणि काही परवडत नाहीत. तो वाईट असतो म्हणून नव्हे, त्याच्या यंत्रांचं आणि धंद्याचं गणितच तसं असतं. खोक्यांचंच घ्या. मोठ्या कारखान्यात एक साइझ काढून दुसरी लावायची तर मशीन थांबवून सेटिंग बदलावं लागतं, छपाई असेल तर तिचीही तयारी आलीच. तो वेळ दोनशे खोक्यांसाठीही तेवढाच आणि पाच हजारांसाठीही तेवढाच. म्हणून मोठा कारखाना लहान ऑर्डर घेत नाही, घेतलीच तर मागे ढकलतो. लहान युनिटचं उलटं. तिथे दोनशेचा लॉट सहज बसतो, पण पन्नास हजार मागितले तर दमछाक होते.

मग प्रश्न शोधायचा तो या दोन गणितांच्या फटीत. आधी स्वतःकडे बघा. असं कोणतं काम आहे जे आपल्याला परवडतं आणि त्यांच्याकडे बहुधा असलेल्या प्रकारच्या व्हेंडरला परवडत नाही? सॉफ्टवेअर विकत असाल तर मोठी कंपनी छोटे बदल करून द्यायला महिने लावते का, देखभालीची सेवा विकत असाल तर सुट्टीच्या दिवशी माणूस येतो का, प्रशिक्षण देत असाल तर पाच-सहा जणांची तुकडी घेतात का, अशा जागा असतात. तिथे प्रश्न ठेवला की व्हेंडरची निंदा होत नाही. ‘लहान लॉटला वेळ लागतो’ असं सांगताना परचेसवाल्याला आपल्या निवडीवर बोट ठेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून तो सांगतो.

अशी एकही जागा सापडली नाही तर? मग तुमच्याकडे त्या ग्राहकाला सांगण्यासारखं अजून काही नाही. तेव्हा मेल पाठवूच नका, आधी माल बघा.

४. एक प्रकरण, पहिल्या मेलपासून

विकणारा लहान बॉक्स युनिटचा माणूस. ग्राहक म्हणजे पंप आणि पंपांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. परचेसकडून उत्तर आलं, ‘आमचा नेहमीचा सप्लायर आहे, सगळ्या साइझ तेच देतात.’ विकणाऱ्याने वर दिलेला मेल पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘लहान साइझची मिनिमम हजाराची आहे. स्पेअर्सच्या काही बॉक्सचा स्टॉक पडून राहतो.’

इथे नवीन माणूस उडी मारतो, ‘मग सर, आम्ही सगळ्या साइझ देऊ!’ तसं करू नका. त्याने एक फट दाखवली आहे, तिथेच राहा. विकणाऱ्याने एवढंच लिहिलं, ‘पडून राहणाऱ्यांपैकी सर्वांत त्रासाची साइझ कोणती? दहा मिनिटं डिस्पॅचला येऊन बघू का?’ परचेसच्या केबिनमधली भेट त्याने मागितली नाही, डिस्पॅचची मागितली. खोकी वापरली जातात ती तिथे.

डिस्पॅचला दिसलं ते असं. सील किटची साइझ संपली होती. हजाराची ऑर्डर द्यायची म्हणून स्टोअर थांबलं होतं, आणि तोवर पॅकिंग करणारा किट त्याच्याहून मोठ्या खोक्यात घालून उरलेल्या जागेत कागदाचे बोळे कोंबत होता. दुसऱ्या कोपऱ्यात इम्पेलरच्या साइझचा गठ्ठा भिंतीला टेकलेला होता. महिन्याला दोनशे लागतात आणि एका वेळी हजार येतात, म्हणजे पाच महिन्यांचा माल. कोरुगेटेड कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि मऊ पडतो. तळातली खोकी हाताने दाबली की कडा आत जात होत्या. पॅकिंगवाला त्यांना टेपचा एक वेढा जास्त देत होता. या दोन्ही गोष्टींचा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही, म्हणून परचेसला त्या माहीत नव्हत्या.

आता ट्रायल. चौदा साइझपैकी कोणती घ्यायची, हे विकणाऱ्याने विचार करून ठरवलं, आणि हा भाग नवीन माणसाला कोणी सांगत नाही. काही खोकी डाय-पंचिंगची असतात, म्हणजे साच्याने कापून केलेली. त्यांची डाय आणि छपाईचे ब्लॉक सहसा जुन्या व्हेंडरकडे पडलेले असतात, पैसे ग्राहकाने दिलेले असले तरी. अशी साइझ ट्रायलला घेतली की पहिला प्रश्न ‘डाय कोण देणार?’ असा येतो. मग डाय परत मागायची म्हणजे जुन्या व्हेंडरला कळणार, परचेसला अवघडल्यासारखं होणार, आणि ट्रायल तिथेच बसते. म्हणून इम्पेलरचं साधं, वर-खाली चार-चार झडपांचं, छपाई नसलेलं खोकं निवडलं. त्याला डाय लागत नाही, मशीनवर साइझ लावली की झालं. तुमच्या धंद्यातही हाच विचार करा. जुन्या व्हेंडरकडे अडकलेलं काहीही, मग तो साचा असो, डेटा असो की पासवर्ड, सोडवावं लागणार नाही अशी वस्तू पहिल्या ट्रायलला घ्या.

लॉट दोनशेचा. पाठवण्याआधी विकणाऱ्याने मेलवर चार ओळी पक्क्या केल्या : आतलं माप ठरलेल्यापेक्षा तीन मिलिमीटरहून जास्त इकडेतिकडे नको, घडीवर कागद फाटायला नको, जोड सुटायला नको, आणि ऑर्डरपासून पाच दिवसांत माल पोचला पाहिजे. हे बघणार कोण, तेही लिहून घेतलं, डिस्पॅचचा सुपरवायझर, पंधरा दिवसांत. हे आधी ठरवलं नाही तर ट्रायलचा माल स्टोअरमध्ये कोपऱ्यात जातो आणि महिन्याभराने फोन केला की ‘अजून वापरला नाही’ असं ऐकायला मिळतं. ट्रायल अडकली आहे हे ओळखायची खूण सोपी आहे : निकाल कोण देणार, हे कोणालाच सांगता येत नाही.

मापाबद्दल एक सूचना, कारण इथे हमखास घसरतात. खोक्याचं माप आतलं धरतात, लांबी, रुंदी, उंची या क्रमाने. जुनं खोकं बाहेरून मोजून तेच आतलं माप म्हणून लावलं तर नवीन खोकं मोठं होतं, आणि पाच प्लायच्या, म्हणजे कागदाच्या पाच थरांच्या खोक्यात तो फरक हाताला जाणवण्याइतका असतो. वस्तू आत हलते, आणि ट्रायल मापावरच पडते.

रेटचं काय? दोनशेच्या लॉटला प्रत्येक खोक्यामागे रेट जास्तच पडणार होता. विकणाऱ्याने तो लपवला नाही. क्वोटेशनसोबत एवढंच लिहिलं, ‘हजाराच्या रेटशी तुलना केलीत तर आमचा जास्त दिसेल. पाच महिन्यांचा माल ठेवायची जागा आणि खराब निघणारी खोकी धरून बघाल का?’ हिशेब त्याने स्वतः करून दिला नाही, कारण त्यातले आकडे ग्राहकाचेच होते. आपण अंदाजाने टाकलेले आकडे परचेसवाला एका मिनिटात खोडतो, आणि मग बाकीचं खरं असलं तरी त्याचा भरवसा उडतो.

ट्रायल पास झाली. पुढच्या तिमाहीत चौदापैकी तीन साइझ त्याच्याकडे आल्या, सगळ्या लहान लॉटच्या. बाकीच्या अकरा आजही जुन्या व्हेंडरकडे आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण या विकणाऱ्याचं नाव आता मंजूर व्हेंडरांच्या यादीत आहे, त्याचा व्हेंडर कोड निघाला आहे, आणि मोठ्या कंपनीत नवीन माणसाची सगळ्यात जास्त शक्ती खाणारी पायरी तीच असते.

५. ‘आमचा करार आहे’ असं उत्तर आलं तर

इथे फटी शोधत बसण्यात अर्थ नसतो, प्रश्न तारखेचा असतो. नवीन माणूस करार कधी संपतो ते विचारतो आणि त्याच महिन्यात फोन करतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो, कारण बऱ्याच करारांत ठरावीक मुदतीआधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू राहतो.

समजा करार 31 मार्चला संपतो आणि नोटीस 90 दिवसांची आहे. मग लीप वर्ष नसेल तर कळवायची शेवटची तारीख पडते 31 डिसेंबर. त्याआधी तुमचा माल किंवा सेवा तपासून व्हायला हवी. ट्रायलला सहा आठवडे धरा, म्हणजे 19 नोव्हेंबर. ट्रायलला मंजुरी, व्हेंडर कोड, कागदपत्रं यांत तीन आठवडे सहज जातात, म्हणजे 29 ऑक्टोबर. तर मार्चच्या करारासाठी तुमचा फोन ऑक्टोबरच्या मध्यावर जायला हवा. फेब्रुवारीत केलात तर पुढच्या वर्षासाठी केलात, असं समजा.

म्हणून उत्तरात एवढंच लिहा : “कराराच्या मध्ये मी काही सुचवणार नाही. पुढच्या वेळचा विचार तुम्ही साधारण कोणत्या महिन्यात सुरू करता? तेव्हा एक मेल टाकतो, तोवर त्रास देत नाही.” करार दाखवा, त्यातला रेट सांगा, असं कधीही मागू नका. करारातले तपशील गुप्त ठेवायची अट त्याच्यावर असू शकते. आणि एकाचे कागद मागणारा उद्या आपले कागद दुसऱ्याला दाखवेल, हे त्यालाही कळतं.

ज्या कंपन्यांकडे आयएसओ 9001 आहे तिथे आणखी एक धागा मिळतो. त्या मानकाच्या 8.4 या कलमानुसार बाहेरच्या पुरवठादारांचं मूल्यमापन, कामावर लक्ष आणि फेरमूल्यमापन करावंच लागतं. किती दिवसांनी करायचं ते कंपनी स्वतः ठरवते. ‘व्हेंडर रिव्ह्यू कधी असतो?’ हा प्रश्न अशा ठिकाणी अगदी नेहमीचा वाटतो आणि परचेसवाला सहज उत्तर देतो.

एकाच व्हेंडरवर विसंबण्यातल्या धोक्याची भीती मात्र घालू नका. या विषयात नेहमी सांगितली जाणारी गोष्ट खरी आहे : मार्च 2000 मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून लहानशी आग लागली. ती लवकर विझली, पण धूर आणि पाण्याने चिप बनवायच्या स्वच्छ खोल्या खराब झाल्या. त्याच कारखान्यावर अवलंबून असलेल्या नोकियाने झपाट्याने दुसरीकडून सोय केली, तर एरिक्सनकडे त्या चिपांसाठी दुसरा पुरवठादार नव्हता आणि तिला मोठं नुकसान सोसावं लागलं. परचेसमधल्या अनुभवी माणसाने हे ऐकलेलं असतं. तुम्ही मेलमध्ये लिहिलंत तर त्याला तो उपदेश वाटेल. स्वतःहून ‘दुसरा सोर्स हवाच आहे’ असं तो म्हणाला, तर मात्र तिथे थांबा आणि कोणत्या वस्तूसाठी, एवढंच विचारा.

६. ‘व्हेंडर आहे, पण तुमचा रेट पाठवा’

हे ऐकून नवीन माणूस सर्वांत जास्त खूश होतो, आणि इथेच सर्वांत जास्त सावध राहायला हवं. कधी हे खरंच आमंत्रण असतं. पण बऱ्याचदा जुन्या व्हेंडरशी रेटची बोलणी चालू असतात आणि टेबलावर ठेवायला एक कमी आकडा हवा असतो. दुसऱ्याच्या काठीने साप मारायचा, आणि काठी तुमची. परचेसला दोष देण्यात अर्थ नाही, तीन क्वोटेशन घ्यायची हा अनेक कंपन्यांचा नियमच असतो.

ओळखायच्या खुणा अशा. मागणी अचानक येते आणि उत्तर संध्याकाळपर्यंत हवं असतं. वस्तूचं नाव असतं, पण ड्रॉइंग, माप, महिन्याची गरज यांपैकी काही नसतं. सॅम्पलबद्दल कोणी विचारत नाही. ज्याला खरंच माल घ्यायचाय तो माल कसा आहे हे विचारल्याशिवाय राहत नाही.

अशा वेळी नकार देऊ नका आणि कमीत कमी आकडाही टाकू नका. असं लिहा : “रेट नक्की देतो. साइझ, प्लाय आणि महिन्याची अंदाजे संख्या कळली तर तो खरा रेट असेल, नाही तर नुसता अंदाज होईल. आणि रेट बसला तर पुढची पायरी काय, सॅम्पल की ट्रायल, तेही सांगाल का?” माहिती आली तर मन लावून क्वोटेशन करा. ‘आधी रेट द्या, मग बघू’ असं आलं तर नेहमीचा रेट मुदत घालून द्या, पंधरा दिवसांसाठी वैध, आणि त्यावर अर्ध्या तासाहून जास्त खर्च करू नका. काम मिळवायच्या हट्टाने तोट्याचा आकडा दिलात तर दोन गोष्टी होऊ शकतात. जुना व्हेंडर तुमच्या आकड्यापर्यंत खाली येतो आणि काम त्याच्याकडेच राहतं. किंवा काम तुमच्याकडे येतं, आणि ही जास्त वाईट शक्यता आहे.

७. थांबणं आणि नोंद

पहिल्या उत्तराला काहीच प्रतिसाद नसेल तर दहा-बारा दिवसांनी एकदा लिहा. तेही ‘माझा मेल पाहिलात का?’ असं नको. प्रश्न बदला. लहान लॉटबद्दल विचारलं असेल तर आता तातडीच्या ऑर्डरबद्दल विचारा. त्यावरही शांतता असेल तर सहा महिने विषय बंद. ‘संपर्क करू नका’ असं स्पष्ट आलं तर कायमचा बंद, आणि तसं सगळ्यांना दिसेल असं नोंदवा, नाही तर तुमचाच सहकारी पुढच्या महिन्यात त्यांना फोन करेल.

नोंदीत ‘नॉट इंटरेस्टेड’ असं लिहू नका, त्यातून पुढच्या वेळी काहीच कळत नाही. त्याऐवजी पाच गोष्टी लिहा : उत्तर कोणी दिलं, व्हेंडर लहान आहे की मोठा, किती वर्षांपासून आहे, रेट किंवा करार कधी ठरतो, आणि त्यांनी स्वतःच्या शब्दांत कोणती अडचण सांगितली. पाचवी ओळ त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘स्पेअर्सच्या काही बॉक्सचा स्टॉक पडून राहतो’ हे वाक्य सहा महिन्यांनी मेलच्या पहिल्या ओळीत जसंच्या तसं वापरता येतं. त्याचं ‘इन्व्हेंटरी इश्यू’ करून ठेवलंत, तर तेव्हा तुम्हालाही आठवणार नाही की तो नेमकं काय म्हणाला होता.